क्रेडिट कार्डाचं ‘साडेतीन टक्के’ वर्षाला खरंच किती पडतं? एका घराचा हिशेब

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या कार्डावर दर महिन्याला ‘थोडीशी’ बाकी राहते, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी आणि आपलं स्टेटमेंट उघडून ताडून बघावी, एवढीच विनंती.

क्रेडिट कार्डाच्या व्याजावर बोलणं निघालं की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, “महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस, सावकारी आहे नुसती.” दुसरे म्हणतात, “अहो, मी कुठे सगळं बिल थकवतोय? वीस हजार तर राहतात. त्याचे महिन्याला सातशे. अडीअडचणीला चालतं.” माझं म्हणणं असं की दोघांचाही हिशेब कमी पडतो. पहिल्यांचा थोडा, दुसऱ्यांचा फारच. आणि हे कमी पडणं नुसतं गणित कच्चं असल्यामुळे होत नाही. बँक जो दर सांगते तो खोटा नसतो, पण तो आपल्या सवयीचा दर नसतो.

मी पगारदारांच्या एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. तिथे अलीकडच्या काळात एक प्रकारचे अर्ज वाढत गेलेले मी पाहिले, ‘क्रेडिट कार्ड फेडण्यासाठी’. अशा अर्जासोबत मी नेहमी मागच्या बारा महिन्यांची कार्डाची स्टेटमेंट मागायचो. त्यातलंच एक घर इथे घेतो. नाव-गाव लिहीत नाही, आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

नवरा एमआयडीसीत सुपरवायझर, बायको घरी शिवणकाम करते. किराणा, पेट्रोल, मुलांची फी, मोबाइल, गॅस, सगळं कार्डावर. महिन्याला साधारण 30,000 रुपये. कार्डाचं बिल 1 तारखेला निघतं, भरायची शेवटची तारीख 20. कित्येक वर्षं पूर्ण बिल भरत आले, एक पैसा व्याज नाही. मग एका महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि वॉशिंग मशीन एकदम आलं, आणि 20,000 रुपये मागे राहिले. तेव्हापासून प्रत्येक बिल 50,000 च्या आसपास येतं, ते 30,000 आणि वर लागलेलं व्याज भरतात, आणि 20,000 पुढच्या महिन्यात ढकलले जातात. बँकेच्या भाषेत याला ‘रिव्हॉल्व्ह’ करणं म्हणतात. घरच्या भाषेत, “मागचे वीस तेवढे राहिलेत.”

त्यांच्या डोक्यातला हिशेब: 20,000 वर साडेतीन टक्के, म्हणजे महिन्याला 700 रुपये. वर्षाला 8,400.

पहिली भर जीएसटीची. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, ते करमुक्त आहे. पण त्या सवलतीतून क्रेडिट कार्डाचं व्याज मुद्दाम वगळलेलं आहे. त्यामुळे कार्डाच्या व्याजावर 18 टक्के कर लागतो. साडेतीनचे झाले 4.13 टक्के, 700 चे झाले 826, आणि बेचाळीसचे झाले 49.56. स्टेटमेंटवर हा कर वेगळ्या ओळीत, बहुतेक वेळा सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन तुकडे होऊन येतो, म्हणून तो व्याजाचा भाग आहे हे लक्षातच येत नाही.

इथे काही जण चक्रवाढ लावून 62 टक्क्यांचा आकडा सांगतात. 4.13 टक्के बारा महिने चक्रवाढीने वाढवले तर तो येतो, हे खरं. पण तो वर्षभर काहीच न भरणाऱ्याला लागू पडेल. आपले सुपरवायझर साहेब दर महिन्याचं व्याज दर महिन्याला भरतात. त्यांच्या बाबतीत व्याजावर व्याज फारसं साचत नाही. शिवाय थकलेले चार्जेस आणि कर मुद्दलात मिसळून त्यांवर व्याज लावू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून चक्रवाढीची भीती मी बाजूला ठेवतो. खरी गळती दुसरीकडेच आहे.

आता गंमत बघा.

पूर्ण बिल भरणाऱ्याला जी बिनव्याजी मुदत मिळते ना, तिला एक अट असते. मागच्या बिलातलं काहीही बाकी असेल तर ती मुदत रद्द. नुसती बाकीवरची नाही, नव्या खरेदीवरचीही. म्हणजे ज्या दिवशी कार्ड घासलं त्या दिवसापासून त्या खरेदीवर व्याजाचा मीटर सुरू. ही काही लपवाछपवी नाही. बँकांनी हे ग्राहकाला उदाहरणासकट समजावून सांगावं असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, आणि तुमच्या कार्डाच्या अटींच्या पुस्तिकेत ते उदाहरण असतं. वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

एक किराण्याचं बिल घेऊ. 10 मे रोजी 3,000 रुपयांचा किराणा कार्डावर घेतला. 1 जूनला बिल आलं, 20 जूनला पैसे भरले. मागची बाकी शून्य असती तर हे 41 दिवस फुकट होते. पण मागचे वीस हजार राहिलेले आहेत, त्यामुळे 3,000 वर 41 दिवसांचं व्याज लागतं: 143.50 रुपये. त्यावर कर 25.83. तीन हजारांचा किराणा 3,169 ला पडला. आणि या किराण्याचे पैसे त्यांनी वेळेवर भरलेले आहेत बरं का! एक दिवसही उशीर नाही.

आता हेच महिनाभराच्या 30,000 ला लावू. 1 तारखेला केलेल्या खरेदीचे पैसे पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला जातात, म्हणजे 50 दिवस. महिनाअखेरीच्या खरेदीचे 20 दिवस. खर्च महिनाभर सारखा पसरलेला धरला तर सरासरी 35 दिवस. महिना 30 दिवसांचा धरून 30,000 वर 35 दिवसांचं व्याज होतं 1,225 रुपये.

म्हणजे महिन्याचं एकूण व्याज असं: मागच्या 20,000 वर 700, नव्या 30,000 वर 1,225. बेरीज 1,925. त्यावर कर 346.50. एकूण 2,271.50.

वर्षाला 27,258 रुपये.

हे पैसे त्यांनी कशासाठी मोजले? वीस हजार रुपये वर्षभर मागे ठेवण्यासाठी. कारण ते वीस हजार नसते तर यातला एकही रुपया लागला नसता, 30,000 चा मासिक खर्च पूर्वीसारखाच बिनव्याजी फिरला असता. म्हणून या सवयीचा खरा वार्षिक दर 27,258 भागिले 20,000, म्हणजे 136 टक्के. डोक्यात बेचाळीस, खिशातून एकशे छत्तीस.

कुणी म्हणेल, तीस हजार त्यांनी महिनाभर वापरले, मग त्याचं व्याज त्या तीस हजारांच्या नावावर टाका ना. बँक तसंच टाकते, आणि तिच्या बाजूने ते बरोबरही आहे. 55,000 च्या सरासरी शिलकीवर साडेतीन टक्के म्हणजे 1,925 च होतात, एक रुपया जास्त घेतलेला नाही. पण घर चालवणाऱ्याने निर्णय घेताना विचारायचं असतं की ‘ही बाकी ठेवल्यामुळे माझे किती जास्त गेले?’ त्याचं उत्तर दराच्या ओळीत कधीच सापडत नाही.

याच्याहून चमत्कारिक भाग पुढे आहे. या खर्चाचे दोन तुकडे आहेत. एक तुकडा बाकीच्या प्रमाणात कमी-जास्त होतो. दुसरा, म्हणजे नव्या खरेदीवरचे 1,225 आणि त्यावरचा कर मिळून 1,445.50, हा बाकी किती आहे ते बघतच नाही. बाकी आहे की नाही एवढंच बघतो. त्यामुळे बाकी जितकी लहान, तितका तिचा दर भयंकर. समजा याच घराने वीसऐवजी फक्त 2,000 रुपये दर महिन्याला मागे ठेवले. “दोनच हजार, त्यात काय!” त्या दोन हजारांवर व्याज 70, नव्या खरेदीवर तेच 1,225, कर धरून महिन्याला 1,528. वर्षाला सुमारे 18,300 रुपये. दोन हजार ठेवण्यासाठी! टक्केवारी काढली तर नऊशेच्या वर जाते, पण टक्केवारी राहू द्या, रुपयेच पुरेसे बोलके आहेत.

म्हणून जे अभिमानाने सांगतात की मी नव्वद टक्के बिल भरतो, थोडंच राहतं, त्यांना मी आधी स्टेटमेंट दाखवायला सांगायचो. आणि “मिनिमम भरलं की व्याज लागत नाही” हा समज तर सुशिक्षित घरांत सर्रास भेटतो. मिनिमम भरलं की लेट फी लागत नाही आणि खातं थकीत दिसत नाही, बस्स. व्याजाचा मीटर चालूच असतो.

तुमच्या बाबतीत असं होतंय का, हे ओळखायला कॅल्क्युलेटर पुरतो. ताज्या स्टेटमेंटमधली ‘फायनान्स चार्जेस’ किंवा ‘इंटरेस्ट’ची रक्कम घ्या, कर सोडून. मागचं बिल भरल्यावर जेवढी बाकी राहिली होती, तिने तिला भागा. उत्तर तुमच्या कार्डाच्या मासिक दराइतकं आलं तर व्याज फक्त बाकीवर लागलंय. त्याहून बरंच मोठं आलं तर फरक नव्या खरेदीचा आहे. आपल्या उदाहरणात 1,925 ला 20,000 ने भागलं की 9.6 टक्के येतात, साडेतीनच्या जागी. बाकी दर महिन्याला बदलत असेल तर वर्षाचं व्याज, कर आणि लेट फी यांची बेरीज करून बारा महिन्यांच्या सरासरी बाकीने भागा. अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्येक कंपनीची मोजायची रीत तंतोतंत एकच असेल असं नाही, म्हणून आपल्याच कार्डाच्या अटींमधलं उदाहरण एकदा डोळ्यांखालून घाला.

मग करायचं काय? सोपा सल्ला म्हणजे “कार्ड घासणं बंद करा, खर्च यूपीआयने करा.” हिशेबाने तो शंभर टक्के बरोबर आहे. नवी खरेदी थांबली की महिन्याचे 2,271 एकदम 826 वर येतात. पण हा सल्ला देणारे एक अडचण विसरतात. या घरात या महिन्याचा पगार मागच्या महिन्याचं बिल भरतो. कार्ड बंद केलं तर त्याच महिन्यात जुन्या बिलाचे 30,000 पण लागतात आणि रोजच्या खर्चाला रोख 30,000 पण. तेवढे हाताशी असते तर वीस हजार राहिलेच नसते! माणूस अडकतो तो इथे. त्याला बेशिस्त म्हणून मोकळं होणं सोपं आहे, मला ते पटत नाही.

त्यामुळे मी त्यांना बाकी हळूहळू कमी करण्याऐवजी एका झटक्यात शून्य करायला सांगितलं. 20,000 चं साधं कर्ज, कुठूनही. पगारदार पतसंस्था, बँकेचं वैयक्तिक कर्ज, घरात सोनं असेल तर सोनेतारण. दर जरा चढाच धरू, वर्षाला 24 टक्के, बारा महिने. हप्ता बसतो 1,891 रुपये. वर्षभरात व्याज जातं 2,694, प्रोसेसिंग फी असेल तर थोडे वर. आता हा हप्ता त्यांच्या आधीच्या व्याजाशेजारी ठेवून बघा. ते महिन्याला 2,271 नुसतं व्याज भरत होते आणि बाकी जागची हलत नव्हती. त्याच्यापेक्षा 380 रुपये कमी भरून बाराव्या महिन्यात कर्ज संपतं, आणि कार्डावरचा महिन्याचा खर्च पुन्हा बिनव्याजी होतो. चोवीस टक्क्यांचं कर्ज महाग, हे मी कुणालाही सांगेन. पण इथे ते एकशे छत्तीसच्या जागी येतंय.

कर्ज मिळत नसेल तर निदान तारीख बदला. पगार 7 तारखेला होतो आणि बिल 20 ला भरतात, कारण शेवटची तारीख 20. ज्याची बाकी नाही त्याने 20 ला भरणं शहाणपणाचं. पण बाकी असलेल्याला व्याज दिवसावर लागतं, त्याच्यासाठी त्या तारखेला काही अर्थ उरत नाही. तेच 30,000 तेरा दिवस आधी, 7 तारखेलाच भरले तर व्याज आणि कर मिळून महिन्याला 537 रुपये वाचतात. एक पैसा जास्त न घालता.

आणि एक सावधगिरी. पूर्ण 50,000 भरून टाकले की पुढच्या बिलात व्याज शून्य येईल असं वाटतं, आणि येतं मात्र हजार-दीड हजार. लोक चिडतात, फोनवर भांडतात, काही जण तर “हे भरणारच नाही” म्हणून सोडून देतात, आणि त्यातूनच पुन्हा बाकी तयार होते. ते व्याज 1 तारखेपासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं. आपल्या उदाहरणात 50,000 वर वीस दिवसांचे 1,167 आणि कर 210, शिवाय त्या दिवसांतल्या नव्या खरेदीचं थोडं. तेही पूर्ण भरायचं. काही कार्डांच्या अटीत बिनव्याजी मुदत परत मिळायला लागोपाठ दोन बिलं पूर्ण भरावी लागतात. त्यामुळे दोन महिने डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि तेवढ्या दोन महिन्यांत कार्ड कमीत कमी वापरायचं.

आता सार्वजनिक बाजूकडे येतो, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै 2008 मध्ये निकाल दिला होता की कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 20 डिसेंबर 2024 ला न्यायालयाने तो निकाल रद्द केला. दर ठरवणं आयोगाच्या अधिकारात बसत नाही, असं त्याचं सार. त्यामुळे सध्या ठरावीक कमाल दर नाही. आपल्या भागात दामदुपटाचा जुना नियम सगळ्यांना ऐकून माहीत असतो, की थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. कार्डाच्या व्यवहाराला तो लागू नाही, आणि दरमहा भरलेल्या व्याजाला तर नाहीच. पण नुसती मोजपट्टी म्हणून लावली तर या घराने भरलेलं व्याज आणि कर नवव्या महिन्यातच वीस हजारांच्या पुढे गेले होते.

दरावर मर्यादा असावी की नसावी, यावर माझं मत ठाम नाही. मर्यादा आली तर बँका कमी पगाराच्या माणसाला कार्डच देणार नाहीत, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य असू शकतं. पण माहितीबद्दल माझं मत ठाम आहे. आज स्टेटमेंटवर वार्षिक दर छापलेला असतो आणि फक्त मिनिमम भरत राहिल्यास फेड लांबत जाईल असा इशाराही असतो. दोन्ही नियमाप्रमाणे. दोन्ही सामान्य. त्यात माझे रुपये कुठेच नाहीत. बँकेच्या संगणकाकडे माझा प्रत्येक रुपया, प्रत्येक दिवस आहे. त्याला ही ओळ छापायला काय जड आहे: “या महिन्यात तुम्ही 20,000 रुपये मागे ठेवलेत. त्यामुळे व्याज आणि कर मिळून 2,271 रुपये लागले. त्यातले 1,445 रुपये नव्या खरेदीवरचे आहेत, पूर्ण बिल भरलं असतं तर ते लागले नसते. गेल्या बारा महिन्यांत एकूण 27,258.” विजेच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापून येतो, तो बघून आपण गीझर बंद करतो. इथे तेवढीही सोय नाही.

माझ्या ओळखीतले जे ग्राहक पंचायतीत काम करतात किंवा बँकेत आहेत, त्यांनी ही ओळ पुढे रेटावी. रिझर्व्ह बँक निर्देशांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी वेबसाइटवर टाकते, तिथे सूचना पाठवायला फी नाही आणि वकीलही लागत नाही. त्या घराच्या बारा महिन्यांच्या हिशेबाचं कोष्टक, नाव-नंबर काढून, माझ्याकडे तयार आहे. सूचनेसोबत जोडायला कुणाला हवं असेल तर मेसेज करा, पाठवतो.